कंपासचे दोन पाय आणि प्रेमाची कविता: ही तुलना नेमकी कशामुळे चालते?

भाट्ये_वाळू
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत टीवायला आहे, इंग्रजी साहित्य घेऊन. जॉन डनची 'अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग' अभ्यासाला आहे. कवी दूरच्या प्रवासाला निघालाय आणि मागे राहणाऱ्या तिला सांगतोय की रडू नकोस. शेवटच्या तीन कडव्यांत तो म्हणतो, आपले जीव दोन असलेच तर ते कंपासच्या दोन पायांसारखे आहेत. तू मध्ये रोवलेला पाय, मी फिरणारा.

वर्गात सांगितलं की ही 'बौद्धिक' प्रतिमा आहे, प्रसिद्ध आहे, परीक्षेला येते. पण ती का चालते, याचं उत्तर काही मिळालं नाही. मला तर आधी हसूच आलं. प्रेमाच्या कवितेत कंपासपेटी! पण चार-पाच वेळा वाचल्यावर हसू गेलं आणि आता ती डोक्यातून जात नाही. असं का होतं, हे कुणी समजावेल का? कडव्यांचा अर्थ नकोय, तो गाइडमध्ये आहे.

जेट्टीवरचा
सोपं आहे की. वर्तुळ जिथून सुरू होतं तिथेच संपतं. म्हणजे तो कितीही फिरला तरी शेवटी तिच्याकडेच येणार. शिवाय वर्तुळ म्हणजे पूर्णत्व, अखंडत्व. शेवटच्या ओळीत तो म्हणतोच की तुझ्या स्थिरपणामुळे मी सुरू केलं तिथेच संपतो. एवढं लिहिलंस तरी पैकीच्या पैकी.

तिठ्यावरचे_मास्तर
जेट्टीवरचा, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच खरी गंमत आहे. घरात कंपास असेल तर हातात घ्या आणि एक वर्तुळ काढा. पेन्सिल निघाली तिथे परत आली, मान्य. पण ती निघाली कुठून? परिघावरच्या एका बिंदूपासून. आणि कवितेतली ती कुठे आहे? मध्यावर. म्हणजे वर्तुळ पूर्ण करूनही हा गडी तिच्यापासून एक त्रिज्या लांबच राहिला. नुसत्या वर्तुळावर तुलना उभी असती, तर नवरा गावाला प्रदक्षिणा घालून वेशीवरच थांबला असं झालं असतं.

डनला हे कळत होतं असं माझं मत आहे, कारण तो कंपासच्या एका नाही, तीन हालचाली वापरतो आणि प्रत्येकीला वेगळं काम देतो. भाट्ये_वाळू, तीन कडवी समोर ठेव आणि क्रमाने बघ.

पहिल्या कडव्यात तो म्हणतो, रोवलेला पाय हलल्यासारखा दिसत नाही, पण दुसरा हलला की हलतो. कसा हलतो? टोक कागदात तसंच राहतं आणि पाय स्वतःभोवती फिरतो. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. ही पहिली हालचाल.

दुसऱ्या कडव्यात तो म्हणतो, दुसरा लांब भटकायला गेला की हा त्याच्या दिशेने कलतो, कान लावून ऐकतो, आणि तो घरी येऊ लागला की ताठ होतो. हे वर्तुळ काढणं नव्हे, हे कंपास उघडणं आणि मिटणं आहे. समजा दोन्ही पाय 10-10 सेंटिमीटरचे आहेत. मिटलेला कंपास उभा धरला तर वरचा सांधा कागदापासून 10 सेंटिमीटरवर. तो 12 सेंटिमीटरच्या त्रिज्येएवढा उघडा, सांधा 8 वर येतो आणि दोन्ही पाय सारखेच तिरके होतात. आणखी उघडा, आणखी खाली. म्हणजे तो जितका लांब, तितकी ती झुकलेली, आणि हे झुकणं कुणी मनाने ठरवलेलं नाही. सांध्यामुळे तसं व्हावंच लागतं. विरहात वाकणं ही तिची कमजोरी आहे असं कुणाला म्हणताच येणार नाही, ही सोय कवीने उपकरणाकडूनच करून घेतली आहे.

तिसऱ्या कडव्यात वर्तुळ येतं. तू पक्की राहिलीस म्हणून माझं वर्तुळ बरोबर येतं, असं तो म्हणतो. ही तिसरी हालचाल.

सुरुवातीला हसू येतं आणि मग ती डोक्यातून जात नाही, असं तू म्हणतेस. त्याचं कारण मला इथे दिसतं. दिसण्यात साम्य काहीच नाही. बाई कंपाससारखी दिसत नाही, नवराही नाही. साम्य आहे ते दोन पायांमधल्या कार्यकारणात: एकाने असं केलं की दुसऱ्याला तसं करावंच लागतं. हे वाचून ऐकून पटत नाही, मनातल्या मनात कंपास चालवावा लागतो. आणि एकदा चालवला की प्रत्येक हालचालीला नात्यातलं काहीतरी सापडत जातं.

भाट्ये_वाळू
मास्तर, खूप आभार. आत्ताच पट्टीने मोजून बघितलं, सांधा खरंच खाली येतो! पण मग शेवटची ओळ खोटी का? 'सुरू केलं तिथे संपतो' म्हणजे परिघावरच ना?

तिठ्यावरचे_मास्तर
खोटी नाही, पण ताणलेली आहे. दुसऱ्या कडव्यातलं घरी येणं आणि तिसऱ्यातलं वर्तुळ पुरं होणं, या दोन गोष्टी एकाच वेळी एका कंपासने होत नाहीत. टीकाकारांनी यावर बराच खल केला आहे. जॉन फ्रेचेरो यांनी 1963 मध्ये असं मांडलं की दोन्ही हालचाली एकत्र धरायच्या, म्हणजे फिरता फिरता उघडणं आणि मिटणं, आणि त्यातून सर्पिल मार्ग तयार होतो. तो मध्यातून निघतो आणि मध्यातच येतो. विचार सुंदर आहे. मला स्वतःला वाटतं की कविता एवढी भूमिती मागत नाही. पण शेवटच्या कडव्यात तो स्वतःच्या धावण्याला 'तिरकं' म्हणतो, सरळ किंवा गोल म्हणत नाही, ही गोष्ट फ्रेचेरोच्या बाजूने जाते. तू दोन्ही बाजू लिही.

दुसरा_मेट
मी बोटीवर असतो, सध्या सुट्टीवर, हर्णैला. कवितेतलं मला फार कळत नाही, पण हे उपकरण माझ्या रोजच्या हातातलं आहे. चार्टवर आम्ही दोन टोकांचं कर्कटक वापरतो. बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर 10 मिनिटांएवढं उघडलं की 10 सागरी मैल. मग कोर्सच्या रेषेवर ते चालवत न्यायचं. एक टोक रोवायचं, दुसरं पुढे टाकायचं, मग ते रोवायचं आणि पहिलं उचलायचं. असं करत बंदरापर्यंत. मला वाटलं कवी हेच म्हणतोय, दोघं मिळून एकेक पाऊल टाकत प्रवास करतात. मला तर ते जास्त आवडलं. पण मास्तरांचं वाचून वाटतंय की मी चुकीचं वाचलं.

तिठ्यावरचे_मास्तर
मेटसाहेब, तुमचं वाचन कवितेत बसत नाही, पण का बसत नाही ते पाहण्यासारखं आहे. तुमच्या कर्कटकात दोन्ही टोकं सारखीच असतात आणि आळीपाळीने रोवली जातात. डनच्या कंपासमध्ये एक कायम मध्यावर बसतं, तसा स्पष्ट शब्द आहे. शिवाय तुमचं कर्कटक पुढे जातं, मागे येत नाही. रडू नकोस, मी परत येईन, हे सांगायला ते कामाचं नाही. एकत्र प्रवासाला निघालेल्या जोडप्याची कविता असती तर मी तुमचंच उपकरण घेतलं असतं.

अबोली_तिकटी
माका ह्या सगळा वाचून थोडो राग इलो, म्हणून लिवतंय. माझो घोव पण बोटीर असता. आता सगळ्यांना कळावं म्हणून तुमच्या भाषेत लिहिते.

मध्यावर कोण बसलं? ती. फिरलं कोण? तो. वर्तुळ कुणाचं? 'माझं वर्तुळ' म्हणतो तो. ती पक्की राहिली तर ह्याचं काम बरोबर येणार. आणि मास्तर म्हणतात झुकणं ही तिची कमजोरी नाही, उपकरणच तसं आहे. अहो, उपकरण निवडलं कुणी? त्यानेच ना? मी सहा महिने सासूचं औषधपाणी, पोरांची शाळा, काजूची बाग, लाईटबिल सगळं बघते. मी काय एका जागी रोवलेली नाही. गावभर फिरते. तो मात्र एका लोखंडी डब्यात बसलेला असतो.

जेट्टीवरचा
ताई, 😄 शंभर टक्के. पण कविता चारशे वर्षांपूर्वीची आहे हो.

अबोली_तिकटी
चारशे वर्षांपूर्वी बायका काय खुंटीला बांधून ठेवलेल्या होत्या?

तिठ्यावरचे_मास्तर
अबोलीताई, तुमचा मुद्दा खोडून काढता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. चरित्रकार वॉल्टन सांगतो की 1611 मध्ये डन फ्रान्सला निघाला तेव्हा त्याने ही कविता बायकोला दिली, आणि ती तेव्हा गरोदर होती. वॉल्टनचं सगळंच खरं मानत नाहीत, पण ते खरं धरलं तर मागे राहणारीवर किती भार होता ते कळतं. कवितेत त्या भाराचं एक अक्षर नाही.

एक मात्र सांगतो. 'पक्की राहा' याचा अर्थ काही न करता बसून राहा असा होत नाही. आमच्याकडे गवंडी गोल विहीर आखतो तेव्हा मध्ये खुंटी ठोकतो, दोरीला फास करून तिच्यात अडकवतो आणि दुसऱ्या टोकाला खिळा धरून फिरतो. खुंटी बोटभर जरी सरकली तरी रेघ फिरून आपल्या सुरुवातीला मिळत नाही, बाजूने निघून जाते. फिरणाऱ्याने कितीही नीट पाऊल टाकलं तरी उपयोग नाही. चूक दिसते ती त्याच्या रेघेत. डनच्या शेवटच्या कडव्यात हीच कबुली आहे: माझं बरोबर येणं माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे. तरीही दोरी आणि कंपास यांत फरक आहे. दोरीच्या खुंटीला फिरणाऱ्याची काही खबर नसते, ती झुकत नाही. कंपासला सांधा आहे, म्हणून मध्यावरचा पाय सतत त्याच्याकडे तोंड करून राहतो. विहिरीची दोरी घेऊन ही कविता झाली नसती.

पण निवड त्याची, हा तुमचा आक्षेप तसाच राहतो.

रेवस_बंदर
मला उलटंच म्हणायचं आहे. एवढी भूमिती काढून तुम्ही लोक वाईट तुलना चांगली करून दाखवताय. सॅम्युअल जॉन्सनने याच कंपासबद्दल म्हटलं होतं की यात मूर्खपणा जास्त की कल्पकता, याबद्दल शंका घेता येईल. भिन्न जातीच्या कल्पना जबरदस्तीने एकत्र जुंपल्या आहेत, हा त्याचा डनसारख्या सगळ्या कवींवरचा आक्षेप. बायको रडतेय आणि हा तिला कोनमापनाचा तास देतोय. आपल्याकडे सांगरूपक म्हणजे काय ते ज्ञानेश्वरांकडे बघा. गणपतीच्या रूपकात अकार म्हणजे पाय, उकार म्हणजे पोट, मकार म्हणजे मस्तक. प्रत्येक अवयव जागच्या जागी. ऐकतानाच मूर्ती उभी राहते.

तिठ्यावरचे_मास्तर
रेवस, पहिल्या अध्यायातलं ते रूपक मलाही पाठ आहे. पण ती मूर्ती आहे, उभी आहे. अवयवाला अवयव जुळवत जायचं, शेवटी पूर्ण देह दिसतो. तिथे हालचालीची गरज नाही, कारण वंदन करायचं आहे. इथे जाण्या-येण्याबद्दल बोलायचं आहे, तर हलणारी वस्तूच लागणार. दोन वेगळ्या कामांची तुलना करून एकाला नापास करणं बरोबर नाही.

आणि तो कोनमापनाचा तास एकदम सुरू होत नाही, हे तुम्ही सोडून दिलंत. नऊ कडव्यांपैकी कंपासला शेवटची तीनच मिळाली आहेत. त्याच्या आधीच्या, सहाव्या कडव्यात सोनं आहे. आपले जीव एकच आहेत, म्हणून मी गेलो तरी ते तुटत नाहीत, पसरतात, जसं सोनं ठोकून हवेइतकं पातळ करतात. ही कल्पना कानाला किती गोड लागते! एक ग्रॅम सोनं ठोकून साधारण एक चौरस मीटर पसरवता येतं, म्हणजे बढाई नुसती हवेतली नाही. पण कवी तिथे थांबत का नाही? वर्ख करणाऱ्याला विचारा. एकदा पसरलेला वर्ख ओढून परत गोळा करता येत नाही, आणि तेवढा पातळ झाल्यावर फुंकरीने फाटतो. सोन्यात न तुटणं आहे, परत येणं नाही. आणि निघताना तिला हवं आहे ते परत येण्याचं आश्वासन.

म्हणून पुढचं कडवं 'बरं, दोन आहेत असं धरलं तर' अशा सुरात सुरू होतं. मला हे वळण सगळ्या कवितेत फार आवडतं. 'आपण एकच आहोत' हे तिला पटलेलं नसणार, हे त्याला जाणवलेलं आहे. रडणारं माणूस असल्या वाक्याने शांत होत नाही. मग तो माघार घेतो आणि दोन मान्य करून नवीन वस्तू शोधतो, जिच्यात दोन असूनही जोड आहे. कंपास हा असा अडचणीतून सापडलेला आहे, मिरवायला काढलेला नाही.

रेवस_बंदर
सोन्याचा मुद्दा मी असा कधी वाचला नव्हता. मान्य. तरी मला ती कविता थंडच वाटते, ते काही बदललं नाही.

खाजणकाठ
मंडळी, जरा विषयांतर. मी विजयदुर्गच्या बाजूचा. मीही एक प्रेमकविता लिहिली आहे, समुद्र आणि खाडीचं रूपक घेऊन. जिला दाखवली ती 'छान आहे' म्हणाली आणि विषय बदलला. काय चुकलं ते कळेना. चार ओळी देतो:

तू दर्या, मी खाडी गं. तुझी भरती आली
की माझ्या दारातली होडी हलायला लागते.
एकदा चढलेलं हे पाणी
आता कधीच उतरायचं नाही.

दुसरा_मेट
भाऊ, भरती आली की साधारण सहा तासांनी ओहोटी लागतेच. कधीच उतरायचं नाही कसं? 😀

खाजणकाठ
कवितेत चालतं ना एवढं. ते प्रेम आहे, वेळापत्रक नाही.

तिठ्यावरचे_मास्तर
पहिल्या दोन ओळी चांगल्या आहेत, विशेषतः होडी. पाणी चढल्याचं न सांगता होडी हलली म्हणालास. अडचण तिसऱ्या-चौथ्यात आहे, आणि मेटसाहेब म्हणतात त्याहून ती खोल आहे. तू किनाऱ्यावरच्या माणसाला ही कविता दाखवलीस. खाडीत चढलेलं खारं पाणी उतरलं नाही तर काय होतं, हे तिला माहीत आहे. बंधारा फुटून खाजणात पाणी शिरलं आणि राहिलं, तर त्या जमिनीत भात होत नाही. म्हणजे तुला म्हणायचं होतं 'माझं प्रेम कायमचं', आणि वस्तू म्हणाली 'माझी शेती बुडाली'. रूपक लांबवायचं ठरवलं की ती वस्तू तुझ्या ताब्यात राहत नाही, तिचे स्वतःचे नियम बरोबर येतात. ओहोटी तू लपवलीस, आणि वाचकाचं लक्ष नेमकं तिथेच गेलं.

डनने उलट केलं. कंपासमधली अडचणीची गोष्ट, म्हणजे पाय एकमेकांपासून लांब जातात, तीच त्याने पुढे आणली आणि तिच्यातूनच झुकणं काढलं. तूही ओहोटी पुढे आण.

अबोली_तिकटी
आणि समुद्रावर जी भरती येते ती खाडीच्या वरच्या अंगाला उशिरा पोचते, हे लिही की. आमच्या वरच्या वाडीत होड्या मागाहून उचलतात. बंदरावर पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा आमच्याकडे अजून चढत असतं. ती निघून गेली तरी तुझ्याकडे अजून पाणी वाढतंय. ह्या खरा हा.

खाजणकाठ
अगो ताई! हे मला का सुचलं नाही. माझं घर वरच्या अंगालाच आहे.

तिठ्यावरचे_मास्तर
अबोलीताई, ही ओळ माझ्या सगळ्या लांबलचक पोस्टींपेक्षा मोलाची आहे. खाजणकाठ, उधाण आणि भांगाचाही विचार कर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास दोन्ही कमी. रोज सारखं प्रेम असं कुणाच्याच घरात नसतं. मात्र सगळं एकाच कवितेत कोंबू नकोस, उशिराचा मुद्दा पुरेसा आहे.

भाट्ये_वाळू
मी उत्तर असं लिहायचं ठरवलंय: आधी सोनं का पुरत नाही, मग 'दोन असतील तर' हे वळण, मग कंपासच्या तीन हालचाली, मग वर्तुळ आणि परत येणं यांतला ताण, आणि शेवटी अबोलीताईंचा आक्षेप. एक शंका राहिली. मास्तर, पेन्सिल ज्या पायात आहे तो तिला दिला आणि टोकदार पाय त्याला, तर कवितेचं काय होईल? उपकरण तर तेच राहतं.

तिठ्यावरचे_मास्तर
झुकणं तसंच राहील, दोन्ही पाय सारखेच कलतात. पक्केपणाची जबाबदारी त्याच्यावर येईल आणि वर्तुळ तिचं होईल. पण मग 'रडू नकोस' हे कोणी कोणाला म्हणायचं? निघणारीनेच ना? म्हणजे बोलणाराही बदलावा लागेल. उत्तरात हा प्रश्न घाल, पण सोडवायच्या मागे लागू नकोस.

अबोली_तिकटी
निघणारीने म्हणायचं. मी मागे माहेरी आठ दिवस गेलेले तर घोव घरी होता. फोनवर विचारत होता, मीठ खंय असा.

रेवस_बंदर
ताठ होता की कललेला? 😄

अबोली_तिकटी
पुरो कलललो.